राहिलेली आवृत्ती

माझ्या पहिल्या निबंधाखाली मी संदर्भनोंद लिहिली होती : ‘मोल्सवर्थ, मराठी-इंग्रजी शब्दकोश, मुंबई.’

गुरुजी म्हणाले, “ग्रंथकार आहे, ग्रंथनाम आहे, प्रकाशनस्थळही आहे; पण आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठांक कोठे आहेत?”

एवढ्या नावांनी मी गोंधळलो आणि पृष्ठांक तेवढा लिहून दिला. गुरुजींनी ग्रंथालयातून १८३१ ची पहिली आवृत्ती मिळवली, ते पान उघडले. पण माझा शब्द तेथे नव्हताच! मला खोटे पाडल्यासारखे वाटले. वास्तविक मी पाहिली होती १८५७ ची, सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती. ग्रंथ वाढला, तशी पानेही सरकली होती.

मी नोंदीत ‘दुसरी आवृत्ती, १८५७’ असे घातले. गुरुजींनी तो ग्रंथ काढला. शब्द त्याच पानावर होता.