बक्षीस ५०,०००, हातात किती?

हिंगोलीतला माझा मावसभाऊ बीजीएमआय खेळतो. रोज संध्याकाळी तासभर नेमाचा सराव, रात्री दुसऱ्या टीम्सबरोबर स्क्रिम, मग रेकॉर्डिंग बघत चुका शोधणं. ट्रायलमध्येही किल्सपेक्षा, शत्रू कुठे आहे हे तो वेळेत सांगतो का, तेच जास्त बघितलं म्हणे.

निवड झाली, करार आला : बक्षिसात टीम-मालकाचे २० टक्के. मी विचारलं, "अरे, पण कशाचे?"

समजा बक्षीस ५०,०००. ३० टक्के टीडीएस जाऊन उरले ३५,०००. त्यातले २० टक्के, म्हणजे ७,००० मालकाचे. पाच जणांना प्रत्येकी ५,६००. मालकाने मूळ रकमेवर १०,००० घेतले, तर प्रत्येकी ५,०००च! करारात याबद्दल एक अक्षर नव्हतं. 'टीडीएसनंतरच्या रकमेवर' एवढे शब्द घालून घेतले, मगच सही.