विषय : परवानगी मिळणेबाबत

केंद्र सरकारच्या कचेरीत दहाबारा वर्षे काढलेल्या माणसाला अर्जाचे अप्रूप उरत नाही. रजेचा असो, क्वार्टरचा असो, की बदली रद्द करण्याचा असो, प्रत्येक अर्ज कोणत्या ना कोणत्या नियमाला टेकून उभा असतो आणि तो नियम सापडला की मजकूर आपोआप सुचतो. परंतु देवळाच्या व्यवस्थापन समितीला ‘आपल्या देवाची पूजा आम्हाला वही घेऊन पाहू द्यावी’ असे लिहावयाचे असेल, तर टेकावयाला नियम कोठून आणावा? मागणाऱ्याला हक्क नाही आणि देणाऱ्यावर बंधन नाही. असा एक अर्ज लिहिण्यास हातभार लावण्याचा योग आम्हाला 2025 च्या एप्रिलात भिलाईस आला.

अर्ज आमचा नव्हता. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलगी रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विश्वविद्यालयात मानवशास्त्र शिकते. तिने प्रबंधिकेसाठी टाउनशिपमधील एका जगन्नाथ मंदिरातील स्नानपौर्णिमा ते बहुडा यात्रा हा काळ निवडला होता. विषय भिलाईला शोभणारा होता. सोव्हिएत संघाशी 1955 साली करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या चारी दिशांनी माणसे येथे आली. त्यांनी पेटीबिछान्याबरोबर आपापले देवही आणले. मूळ गावी राजा, सेवेकरी आणि शेकडो वर्षांची वहिवाट यांच्या आधाराने चालणारा उत्सव येथे पाळीपाळीने कारखान्यात जाणारी माणसे कसा चालवितात, हे तिला पाहावयाचे होते. मंदिर कोणत्या सेक्टरातले हे आम्ही येथे सांगत नाही. परवानगी मिळाली ती तिच्या प्रबंधिकेला, आमच्या लेखाला नव्हे.

“काका, जरा भाषा तपासून द्या,” म्हणून तिने मसुदा पुढे ठेवला. हिंदी शुद्ध होते. पण साऱ्या मजकुरात मागणे एकच होते : मंदिरातील सर्व विधींचे निरीक्षण, छायाचित्रण व ध्वनिमुद्रण करण्याची अनुमती मिळावी. कचेरीत बसणाऱ्या कोणासही हे वाक्य वाचताच उत्तर दिसू लागते. ज्या पत्राला एकच ‘होय’ हवे असते, त्याला एकच ‘नाही’ पुरते. समितीतील एका सदस्याला एका गोष्टीची शंका आली की ‘सर्व’ या शब्दाबरोबर सगळेच बुडते. शिवाय ‘सर्व विधी’ म्हणजे काय, हे मागणारीला तरी ठाऊक आहे का, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतो तो निराळाच.

म्हणून आम्ही तिला आधी पंचांग उघडावयास सांगितले. त्या वर्षी स्नानपौर्णिमा 11 जूनला होती, रथयात्रा 27 जूनला आणि बहुडा, म्हणजे परतीची यात्रा, 5 जुलैला. या तीन दिवसांचे स्वरूप सारखे नाही. स्नान मंडपावर, सर्वांच्या देखत होते. पुरीला त्यासाठी 108 घट लागतात आणि त्यांची वाटणीही ठरलेली आहे : जगन्नाथाला 35, बलभद्राला 33, सुभद्रेला 22 व सुदर्शनाला 18. रथयात्रा तर रस्त्यावरचीच. जो देव एरवी गाभाऱ्यात असतो, तो त्या दिवशी कोणालाही दिसावा म्हणूनच बाहेर येतो. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर लिहिले, तेव्हा त्यांना कोणत्या समितीकडे अर्ज करावा लागला नसावा, कारण वाटेला दार नसते. अर्ज लागतो तो दारासाठी. आणि या उत्सवातले खरे दार स्नान व रथ यांच्या मध्ये आहे.

स्नानानंतर देवांना ज्वर येतो अशी भावना आहे. मग सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद असते. या काळाला अनवसर किंवा अणसर म्हणतात. पुरीत या दिवसांत मूर्तींच्या जागी कापडावर रंगविलेल्या पटांचे दर्शन होते. आत फुलुरी तेल लावतात, दशमुळांचे औषध देतात, आणि ही सेवा दैतापतींकडे असते. शबर विश्वावसूच्या कुळातले म्हणून देवाचे नातलग मानले गेलेले हे सेवेकरी. आजारी माणसाच्या खोलीत घरच्यांनीच जावे, तसा हा प्रकार. आमच्या विद्यार्थिनीला नेमके हेच पंधरा दिवस हवे होते. अभ्यासकाच्या दृष्टीने ते साहजिकच होते, आणि त्याच कारणासाठी ते मिळण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या मसुद्यात आम्ही मागणे वेगवेगळ्या कलमांत तोडले, आणि प्रत्येकासमोर समितीने ‘मंजूर’ वा ‘नामंजूर’ लिहावे म्हणून जागा ठेवली. पहिले कलम स्नानापूर्वीच्या सात साध्या दिवसांचे होते : सकाळची व संध्याकाळची पूजा, सभामंडपातील खांबाशी बसून, फक्त वहीत टिपण. याचे कारण तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले, आणि ते आम्हाला फार पटले. कोणी पाहत आहे असे कळले की पूजा बदलते. मंत्र मोठ्याने होतात, आरती लांबते. ती पुन्हा आपल्या नेहमीच्या मापावर आली, म्हणजे पाहणारा खांबासारखा झाला असे समजावे. तोवरच्या टिपणांवर फार विसंबू नये. त्यानंतर स्नान, रथ व बहुडा यांची कलमे होती आणि प्रत्येकात उभे राहण्याची जागा दिली होती. छायाचित्रांचे कलम वेगळे, ध्वनिमुद्रणाचे त्याहून वेगळे. अनवसराच्या कलमात मात्र आत जाण्याची मागणी नव्हतीच. उलट ‘गर्भगृहात अथवा बंद दाराच्या आत प्रवेशाची विनंती नाही, दर्शन बंद असताना सभामंडपात बसण्याची अनुमती असावी’ असे लिहिले. शेवटी आणखी एक ओळ : समितीची अनुमती ही पुजारी वा भाविक यांची अनुमती समजली जाणार नाही, ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वेगळे विचारले जाईल, आणि त्याने नकार दिल्यास तो समितीला कळविला जाणार नाही. या शेवटच्या शब्दांवर ती अडली. आम्ही म्हटले, पुजारी हा समितीचा नोकर आहे. मालकाने ‘हो’ म्हटल्यावर नोकराला ‘नाही’ म्हणता यावयाचे, तर ते ‘नाही’ मालकाच्या कानी जाता कामा नये. कचेरीत राहिलेल्या माणसाला एवढे कळते!

पत्राला विभागाचे शिफारसपत्र जोडले आणि अक्षय तृतीयेच्या आधी, म्हणजे 30 एप्रिलपूर्वी, ते पोचविले. त्या दिवशी पुरीला रथाचे काम सुरू होते. येथेही त्या सुमारास समितीची माणसे वर्गणी आणि लाकूड यांच्या मागे लागतात, आणि मग कागद वाचावयास कोणाला वेळ?

समितीचे सचिव कारखान्यातून निवृत्त झालेले ओडिया गृहस्थ. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढून दोनच प्रश्न विचारले. पहिला गोपनीयतेच्या कलमाविषयी. मंदिराचे व व्यक्तींचे नाव प्रसिद्ध करणार नाही, असे वचन तिने विद्यापीठाच्या नमुन्याप्रमाणे दिले होते. सचिव हसून म्हणाले, “बेटी, छिपाओगी क्या?” रथ कोणत्या रस्त्याने जातो हे लिहिले की अर्धी भिलाई देऊळ ओळखील, आणि ‘सचिव म्हणाले’ असे लिहिले की त्यांची सूनसुद्धा त्यांना ओळखील. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. पाळता न येणारे वचन कागदावर ठेवण्यापेक्षा पाळता येईल तेवढेच द्यावे, असे ठरले. देवळाचे नाव प्रबंधिकेत येईल, व्यक्तींची येणार नाहीत. ज्या पदावर एकच माणूस आहे त्या पदाचा उल्लेख करून कोणाचे बोलणे छापले जाणार नाही, आणि तसा प्रसंग आलाच तर तो मजकूर त्या व्यक्तीला आधी दाखविला जाईल.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. घट मोजणार, असे टिपणात कोठेतरी होते. “मोजून काय करणार? आमचे कमी भरले तर तसे लिहिणार?” पुरीहून दूर, वर्गणीवर चालणाऱ्या देवळाला पुरीच्या मापाने मोजले जाण्याची ही भीती होती. आम्हाला ती अनोळखी वाटली नाही. परगावी आपण गणपती बसवितो, पौरोहित्य मंडळातलाच कोणी हिशेबनीस करतो आणि विसर्जन रविवार पाहून होते. तेथे पुण्याहून आलेला कोणी वही काढून बसला, तर आपल्यालाही हाच प्रश्न पडेल. पत्रात एक ओळ वाढली : पुरीच्या परंपरेशी तुलना करून येथील उणेपणा दाखविणे हा या अभ्यासाचा उद्देश नाही, येथे जे होते ते का व कसे होते, हे समजून घेणे हा आहे.

दहा दिवसांनी उत्तर आले. छायाचित्रांना स्नान व रथ या दोनच दिवशी परवानगी होती. बाकी बहुतेक मंजूर होते, ध्वनिमुद्रणसुद्धा. पण पुजाऱ्यांनी मंत्र मुद्रित करण्यास मान हलविली. हातात समितीचा मंजुरीचा कागद असताना तिने यंत्र पिशवीत ठेवून दिले आणि ही गोष्ट देवळात कोणाला कळली नाही.

अनवसरात तिला पहिले तीन दिवस काही ‘घडताना’ दिसेना. दार बंद, मंडप रिकामा. ती निराश होऊन वर आली तेव्हा आम्ही विचारले, “मंडप खरेच रिकामा असतो?” तशी ती वही पुन्हा चाळू लागली. रिकामा नव्हता. पहाटे पाळी संपवून आलेला एक कामगार बंद दाराशी डोके टेकवून जात होता. काही बायका फळे आणून पायरीवर ठेवीत आणि आतल्या माणसाला हळूच विचारीत, “आज कसे आहे?” जणू रुग्णालयाच्या वऱ्हांड्यातच उभ्या आहेत. एका म्हातारीने आपल्या आजारी नवऱ्याचा पथ्याचा काढा आणि देवाचा काढा यांची तुलना चांगली अर्धा तास केली. देवाच्या आजारपणाविषयी बोलता बोलता माणसे आपापल्या घरातली आजारपणे सांगू लागत. 26 जूनला नवयौवन दर्शनासाठी दार उघडले, तोवर तिच्या वहीची चाळीस पाने भरली होती. आतले एक अक्षरही त्यांत नव्हते.

प्रबंधिका पूर्ण झाल्यावर कराराप्रमाणे तिचा हिंदी सारांश समितीला दिला. सचिवांनी तो घरी नेला आणि आठवड्याने परत आणला. समासात पेन्सिलीने तीन दुरुस्त्या होत्या. दोन ओडिया शब्दांच्या लेखनाच्या, आणि तिसरी वर्गणीच्या वर्षाची. सोबत एक विनंतीही होती : आणखी दोन प्रती मिळतील काय? एक समितीच्या फायलीला, आणि एक पुरीला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाला पाठविण्यासाठी.