अब्बांची ‘कमर’

दवाखान्यात गेले की आमचे अब्बा बरे होतात. डॉक्टरांनी “कसं काय चाचा?” विचारले की हसून म्हणतात, “ठीक है डॉक्टरसाब, जरा कमर दुखतै.” आणि बाहेर आल्यावर रिक्षात चढताना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवतात.

आम्ही दोघी बहिणी. अम्मी गेल्यापासून अब्बा थोरलीकडे असतात, धाकटी शनिवारी शाळा सुटली की येते. अब्बांचे वय 74. आयुष्यभर सोलापुरात टेलरिंग केले. अजूनही घरच्यांचे कपडे स्वतः शिवतात. त्यांच्या या ‘कमर’वर महिनाभर उपचार चालले होते. मणक्याचा एक्स-रे झाला, त्यात झीज दिसली. त्या वयात ती बहुतेकांना दिसतेच. पट्टा आला, मलम आले, गोळ्या आल्या. दुखणे मात्र वाढत गेले, आणि मग अब्बा पडू लागले.

डॉक्टरांना दोष द्यावा असे काही नव्हते. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, आणि समोरचा माणूस म्हणतो कंबर दुखते. ते कंबरच तपासणार. म्हणून आम्ही ठरवले की पुढच्या खेपेला पत्र लिहून न्यायचे. एकच पान, आणि त्यात फक्त आम्ही पाहिलेले. आजाराचे नाव आपण सुचवायचे नाही.

पहिल्याच ओळीला अडलो. दुखते नेमके कुठे? “कमर में,” अब्बा म्हणाले. एका बोटाने दाखवा म्हटले, तर त्यांनी अख्खा तळहात कमरेपासून मांडीपर्यंत फिरवला. “जाँघ में?” म्हणून विचारले, तर हो म्हणाले. आता आमच्यापैकी एक उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, तिच्या लक्षात घोळ आला. घरच्या बोलीत जाँघ म्हणजे मांडी. मराठी डॉक्टरांच्या कानाला जांघ म्हणजे मांडी आणि पोट यांच्यामधली घडी. एकच शब्द, वीतभर अंतर. आणि ती घडी बोटाने दाखवायची तर मुलींसमोर अब्बांना संकोच. थोडा वेळ गप्प बसले आणि मग टेलरच्या भाषेत बोलले, “पायजामे की मियानी लगती ना, उसके बाजू में. अंदर.”

झाले, जागा सापडली. हे इतके महत्त्वाचे का, ते आम्हाला नंतर डॉक्टरांनी समजावले. खुब्याचा सांधा आपण समजतो तसा बाजूला नसतो, पुढून जांघेच्या आत खोल असतो. त्या सांध्याचे किंवा तिथल्या हाडाचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. बाहेरच्या बाजूचे हाड दाबले की दुखत असेल, त्या कुशीवर झोपवत नसेल, तर बऱ्याचदा तिथल्या स्नायूंच्या दोऱ्या सुजलेल्या असतात. आणि कुल्ल्यातून मागून खाली उतरणारी कळ पुष्कळदा मणक्यातून येते. अब्बा तिन्हीला कमर म्हणत होते.

दुसरा प्रश्न होता, कधीपासून? अब्बांचे उत्तर तयार होते, “गिरा तब से.” आम्हीही तेच धरून चाललो होतो. पडले म्हणून दुखते, यात शंका घेण्यासारखे काय आहे? पण थोरलीला रमजान ईदचे कपडे आठवले. दरवर्षी नातवंडांचे कुर्ते अब्बा शिवतात. या वर्षी दोन शिवून तिसरा अर्धाच ठेवला, कारण मशीनचा पायटा मारताना उजवा पाय दुखत होता. तो कुर्ता आम्ही बाहेर शिवून घेतला होता. म्हणजे दुखणे ईदच्या आधीचे, आणि पहिल्यांदा पडले ते ईदनंतर तीन आठवड्यांनी. क्रम उलटा होता.

पत्र तयार झाल्यावर आम्ही ते अब्बांना वाचून दाखवले. त्यांच्या पाठीमागे डॉक्टरांना काही कळवणे आम्हाला बरोबर वाटत नव्हते. ते डोळे मिटून ऐकत होते. “दोनदा पडले” या वाक्याला त्यांनी डोळे उघडले.

“तीन बार लिखो.”

तिसरे पडणे आम्हाला माहीतच नव्हते. मशिदीच्या पायरीवर, असरच्या वेळी, दिवसाढवळ्या. कोणीतरी उठवून बसवले, त्यांना अब्बांनी घरी सांगू नका म्हणून शपथ घातली होती. का, तर आम्ही त्यांना मशिदीत जाऊ देणार नाही. आणि खरे सांगायचे तर दिलेही नसते.

शेवटी पत्र असे झाले:

“आदरणीय डॉक्टरसाहेब, वडिलांच्या संमतीने लिहीत आहे. ते समोर आल्यावर कमी सांगतात.

दुखणे उजव्या जांघेत, आत खोल आहे. ते ज्याला कंबर म्हणतात ती ही जागा. कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत येते. सुरुवात रमजान ईदच्या आठवडाभर आधी, काहीही न लागता. आधी फक्त पाय वापरताना दुखे. गेले तीन आठवडे रात्री दोनच्या सुमारास दुखण्याने जाग येते. कूस बदलून, उठून बसून फरक पडत नाही. सजद्यातून उठता येत नाही म्हणून नमाज खुर्चीवर. उजव्या पायात मोजा घालता येत नाही. पाय टेकून चालतात, पण लंगडतात.

पडणे तीनदा. पहिले ईदनंतर 20 दिवसांनी, रात्री लघवीला उठले तेव्हा पलंगाशेजारी, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरे 8 दिवसांनी, तसेच. तिसरे त्यानंतर 4 दिवसांनी, दुपारी, पायरी चढताना. तेव्हा चक्कर नव्हती, जांघेत कळ आली आणि पायाने दगा दिला. डोक्याला मार नाही, शुद्ध गेली नाही.

गोळ्या: टेल्मिसार्टन 40 आणि अम्लोडिपिन 5 सहा वर्षांपासून. लघवीसाठी टॅमसुलोसिन 0.4 ईदनंतर दहा दिवसांनी सुरू, रात्री घेतात. दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक रोज एक, कधी दोन, हे त्यांनी आपल्याला सांगितलेले नाही.

वजन सहा महिन्यांपूर्वी 63 किलो, आता 58. रात्री चारदा लघवीला उठतात. ताप नाही. पाय बधिर नाहीत, लघवी-संडासवरचा ताबा गेलेला नाही.

दुखणे पडण्याच्या आधीचे आहे, एवढ्याकडे लक्ष वेधायचे आहे. आपली, पेशंटची मुलगी.”

सही एकीची, पत्र दोघींचे. डायक्लोफिनॅकची ओळ अब्बांना आवडली नाही. खोडा म्हणाले. ती मात्र आम्ही खोडली नाही. रोजच्या त्या गोळीने ब्लडप्रेशर वाढू शकते, मूत्रपिंडावरही ताण येतो, म्हणून डॉक्टरांना ते कळणे भाग होते.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचले. मग अब्बांना झोपवून ब्लडप्रेशर घेतले, 148. उभे करून तीन मिनिटांनी पुन्हा घेतले, 116. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त घसरला तर ती घसरण धोक्याची मानतात, इथे ती 32 होती. लघवी मोकळी करणारी गोळी काही जणांत रक्तवाहिन्याही सैल करते. त्यात ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या आधीच होत्या. रात्री पलंगावरून एकदम उठले की अंधारी येणारच. पहिल्या दोन पडण्यांचा उलगडा तिथेच झाला. गोळ्यांचे प्रमाण आणि वेळ त्यांनी बदलून दिली. आपल्या मनाने आम्ही एकही बंद केली नव्हती, ते ठीक केले म्हणाले.

पण तिसऱ्या पडण्यावर ते थांबले. अब्बांचा उजवा गुडघा वाकवून त्यांनी पाय अगदी हळू आत फिरवला. अब्बांनी ओठ घट्ट मिटले. डॉक्टर आम्हाला म्हणाले, “सांध्याची झीज असती तर बसल्यावर, झोपल्यावर बहुतेक वेळा आराम पडला असता. फार झिजला असेल तर रात्रीही दुखतो, नाही असं नाही. पण न लागता सुरू झालेलं, रात्री जागं करणारं, वजन उतरलेलं आणि पायाने दगा दिलेला, हे सगळं एकत्र असेल तर हाड बघायला हवं.” त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा आणि पूर्ण उजव्या मांडीचा एक्स-रे काढायला पाठवले. तोवर चालायचे नाही, व्हीलचेअरने जायचे. आम्हाला वाटले फार करतात.

एक्स-रेमध्ये खुब्याच्या मानेखाली, जिथे हाड मांडीकडे वळते तिथे, बाकीच्या हाडापेक्षा पांढराफटक डाग होता. वरचेवर लघवीला उठणे आम्ही म्हातारपणात धरले होते. रक्ताच्या तपासणीत पीएसए शंभराच्या वर निघाले. मग प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला, हाडांचा स्कॅन झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरला होता. असले हाड पांढरे, दाट दिसले तरी पक्के नसते. पायरीवर त्या दिवशी ते मोडायचे राहिले होते.

हाड मोडण्याआधीच सर्जननी मांडीच्या हाडातून सळई घातली, मोडल्यावर जोडणे जास्त अवघड असते म्हणून. जखम भरल्यावर त्या जागी किरणोपचाराच्या पाच खेपा झाल्या. आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असते. पुरुषी हार्मोनवर वाढणारा हा आजार त्याने दबून राहतो. किती काळ, ते आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, कुणाला काही महिने, कुणाला काही वर्षे. बरा होईल असे त्यांनी सांगितले नाही, आणि अब्बांनीही ते विचारले नाही.

घरी निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. पडल्यावर पाय टेकताच आला नाही, किंवा तो आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर उचलून उभे करू नका, तसेच हॉस्पिटलला आणा. आणि दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा ताबा गेला, तर सकाळची वाट बघू नका. यासाठी पत्रबित्र लिहीत बसू नका, असेही म्हणाले.

मागच्या महिन्यात पुढच्या तपासणीचे पत्र लिहायला बसलो. या वेळी अब्बा सांगत होते आणि आम्ही लिहीत होतो. किती वेळा उठले, कुठली गोळी चुकली, सगळे. दुखण्याच्या जागेपाशी आलो तेव्हा आम्ही विचारले, “मियानीपाशी?”

“नै. वहाँ अब नै.” मांडीच्या वरच्या बाजूला, टाक्यांवर त्यांनी एक बोट ठेवले. “याँ. सिलाई खिंचती जरा. टाका बारीक डाला है, लेकिन धागा मोटा लिया उनों ने.”

ते आम्ही लिहिले नाही. बाकीचे लिहिले.