तुम्ही पाहिलं तेवढंच लिहा

मनीषनगर, नागपूर
रविवार, सकाळ

प्रिय ताई,


दिवाळीनंतर आपलं बोलणं झालं नाही आणि आज लिहितेय ती कामासाठी, म्हणून काम आधीच सांगते. तुमच्या मिहानमधल्या प्लांटला क्यू.सी.च्या स्टॅबिलिटी विभागात सीनियर एक्झिक्युटिव्हची जागा निघाली आहे. जाहिरातीचा क्रमांक QC-STB-214. त्या जागेसाठी तुम्ही माझं नाव रेफरलमध्ये टाकाल का, एवढंच विचारायचं आहे. घरच्यांची विचारपूस आधी करून मग हळूच कामावर येणं मला बरं वाटलं नाही. वाचणाऱ्याला पुढे मागणं येणार हे कळतंच, आणि मग खरी विचारपूसही खोटी वाटू लागते.

अर्ज मी अजून केलेला नाही. मुद्दाम थांबले आहे. मागच्या वर्षी आमच्या इथल्या एकाने असंच घाईने कंपनीच्या पोर्टलवर नाव टाकलं आणि नंतर मित्राला सांगितलं. मित्राने रेफर केलं तेव्हा मोबाइल नंबर आणि ई-मेल जुळून उत्तर आलं की हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे. रेफरल धरलंच गेलं नाही, आणि त्या कंपनीच्या नियमाप्रमाणे सहा महिने दुसऱ्या वाटेने जाताही येईना. एका कन्सल्टन्सीचा फोन मलाही आला होता. "सी.व्ही. पाठवून ठेवा, बाकी आम्ही बघतो," म्हणाले. त्यांनी तो तुमच्याकडे पाठवला असता, तर मी त्यांची उमेदवार झाले असते. मी नाही म्हटलं. तेव्हा तुमच्या एच.आर.कडे माझी नोंद आज कुठेच नसावी. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल, तर तेवढं मला सांगा.

दुसऱ्या एका कंपनीच्या वॉक-इनलाही जाऊन पाहिलं. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात रविवारी होतं. नऊला टोकन घेतलं, तीनला नंबर लागला. समोरच्यांनी किती वर्षं, कोणती उपकरणं, सध्याचा पगार, नोटीस पिरियड हे चार प्रश्न विचारले आणि कागद गठ्ठ्यावर ठेवला. त्यांना दोष देत नाही, बाहेर दोनशे मुलं उभी होती. पण आमच्या कामात माणूस ओळखायचा तो आकडा चुकीचा आल्यावर तो काय करतो त्यावरून. ते पाच मिनिटांत विचारता येत नाही आणि सी.व्ही.तही लिहिता येत नाही. ते ज्याने समोर बसून पाहिलं, त्यालाच सांगता येतं.

तुम्ही ते पाहिलं आहे. बुटीबोरीच्या लॅबमधली ती सहा महिन्यांची स्टॅबिलिटी बॅच तुम्हाला आठवत असेलच. तरी मी सगळं पुन्हा लिहिते, कारण फॉर्ममध्ये तुम्हाला काही लिहायचं झालं तर ते यातूनच यावं अशी माझी इच्छा आहे.

गोळ्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमधून काढलेल्या. ॲसेची मर्यादा ९५ ते १०५ टक्के, आणि माझा निकाल आला ९३.८. शिफ्ट संपत आली होती. शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "परत एकदा मार, येईल." मी मारलं नाही. तुम्हाला बोलावलं आणि फ्लास्क, व्हायल, स्टँडर्ड, काहीच ओतून टाकलं नाही. तुम्ही आधी क्रोमॅटोग्रामवरचे इम्प्युरिटीचे पीक पाहिले. औषध खरोखर पाच टक्क्यांनी मोडलं असतं, तर ते कुठेतरी दुसऱ्या रूपात दिसायला हवं होतं. पण इम्प्युरिटी तीन महिन्यांच्या तपासणीला होत्या तेवढ्याच होत्या. तिथेच तुम्ही म्हणालात की गोळी बहुतेक ठीक आहे, आपल्या हातून काही राहिलंय. तरी "बहुतेक"वर आकडा बदलत नाही, हेही लगेच म्हणालात.

मग ठरवून, लिहून, तेच द्रावण पुन्हा इंजेक्ट केलं. ९३.७ आलं. म्हणजे यंत्राची चूक नव्हती. स्टँडर्डचं वजन, डायल्यूशन, हिशोब, सगळं बरोबर होतं. शेवटी मी फ्लास्क दिव्यासमोर तिरपा धरला तेव्हा तळाशी पिठासारखा पातळ थर दिसला. औषध गोळीतून पूर्ण सुटलंच नव्हतं. वहीत मात्र माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सोनिकेशन, २० मिनिटे, २.३३ ते २.५३.

तेव्हा तुम्ही विचारलंत, "आवाज ऐकला होतास का?"

मी ऐकला नव्हता. त्या वेळात मी शेजारच्या खोलीत वजन काट्यावर होते. जनरेटरचं रजिस्टर मागवलं तर २.४१ ला लाइट गेल्याची नोंद होती. काही सेकंदांत वीज परत आली, पण तो सोनिकेटर पुन्हा बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसे. म्हणजे आठ मिनिटं चालला आणि बारा मिनिटं माझा फ्लास्क नुसता पाण्यात उभा राहिला. घड्याळ पाहून मी वीस मिनिटं लिहून मोकळी झाले होते. राहिलेली बारा मिनिटं देऊन पाहिली तर आकडा ९९च्या वर गेला. तो निकाल म्हणून वापरायचा नव्हताच, फक्त कारण पक्कं करायला होता. खरा निकाल त्याच बाटलीतल्या नव्या गोळ्यांवर दुसऱ्या ॲनालिस्टने काढला, आणि तो मर्यादेत आला.

वहीतल्या "२० मिनिटे"वर मी एक आडवी रेघ मारली. खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी सही, तारीख आणि कारण लिहिलं: ॲनालिस्ट उपस्थित नव्हती, वेळ घड्याळावरून गृहीत धरली. त्या रात्री बसमध्ये मला वाटत होतं की या ओळीने माझं नाव खराब झालं. अहवालावर रिव्ह्यूअर म्हणून तुमची सही होती. पुढच्या आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही माझं नाव न घेता बार लॅबोरेटरीजचा १९९३ चा अमेरिकेतला खटला समजावून सांगितलात. फेल झालेला निकाल, पास होईपर्यंत पुन:पुन्हा तपासून बाजूला सारता येत नाही, कारण शोधावंच लागतं, हे त्या निकालाने ठरलं. त्यानंतर सोनिकेटर यू.पी.एस.वर गेला आणि त्याच्यासाठी वेगळं लॉगबुक आलं. ते लॉगबुक मी तयार केलं होतं.

ताई, तुम्ही माझ्याबद्दल खात्रीने लिहू शकाल असं एवढंच आहे आणि मला तेवढंच हवं आहे. "अत्यंत हुशार, मेहनती" असं काही लिहू नका. तुम्ही आता क्यू.ए.त आहात, उद्या क्यू.सी.च्या कागदांवर तुमच्याच विभागाची सही लागणार, तेव्हा तुमच्या शब्दाचं वजन माझ्यासाठी खर्च होऊ नये. एच.आर.ने नातं विचारलं तर पूर्वीची सहकारी, तीन वर्षं एकाच लॅबमध्ये, नातेवाईक नाही, हे स्पष्ट लिहा. रेफरलचा बोनस तुमच्याकडे मिळत असेल तर तो घ्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जाहिरातीत मागितलेलं आणि माझ्याकडे असलेलं जुळवून पाहिलं. एच.पी.एल.सी., डिसोल्यूशन, स्टॅबिलिटीचं वेळापत्रक, एम्पॉवरमधलं ऑडिट ट्रेल तपासणं, ओ.ओ.एस.ची चौकशी, हे आठ वर्षांत केलं आहे. पण माझं सगळं काम गोळ्या-कॅप्सूलवर झालं. तुमचा प्लांट इंजेक्शनचा. द्रावणातले सूक्ष्म कण मोजणं मी कधी केलेलं नाही. व्हायलचं सील टिकतंय का हे तपासण्याची पद्धत मी वाचली आहे, हाताने केलेली नाही. यामुळे त्यांना मी नको असेन तर ते आत्ताच कळलेलं बरं. तुम्हाला विचारलं तर हेच सांगा.

सध्याच्या ठिकाणी माझं कुणाशी भांडण नाही. वर्षभरापूर्वी स्टॅबिलिटीचं काम दुसऱ्या प्लांटला गेलं आणि मी कच्च्या मालाच्या तपासणीवर आले. तेही काम महत्त्वाचं आहे, पण एकाच बॅचला महिनोन्‌महिने पाहत राहणं मला आवडतं आणि ते तिथे नाही. शिवाय रोज बुटीबोरीला जाताना कंपनीची बस खापरीवरूनच पुढे जाते. मिहानला काम मिळालं तर आईच्या संध्याकाळच्या इन्सुलिनला मी घरी असेन. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. तो कमी होईल असं मी कुणाला सांगणार नाही, कारण तशी खात्री मला नाही. पगाराचा आकडा मी एच.आर.लाच सांगेन, तुम्हाला त्यात पडावं लागू नये.

तुम्हाला वेळ नसतो, म्हणून फॉर्ममध्ये टाकता येईल असा मजकूर खाली लिहिते. यातला जो शब्द तुम्हाला खरा वाटत नाही, तो काढा.

"मी यांच्यासोबत तीन वर्षं क्यू.सी. लॅबमध्ये काम केलं आणि त्यांच्या नोंदी तपासल्या. एका ओ.ओ.एस. चौकशीत मूळ कारण त्यांनी शोधलं. ते कारण त्यांच्या स्वतःच्या नोंदीतली चूक होतं आणि त्यांनी ते तसं लिहिलं. गोळ्या-कॅप्सूलच्या स्टॅबिलिटी कामाचा अनुभव मी पाहिला आहे. इंजेक्शनच्या चाचण्यांबद्दल मला सांगता येणार नाही."

सी.व्ही. दोन पानांचा आहे, पी.डी.एफ.मध्ये सोबत जोडला आहे. फाइलच्या नावात माझं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक आहे, म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही.

कदाचित तुम्ही आधीच दुसऱ्या कुणाचं नाव दिलं असेल. कदाचित तुमच्या विभागातून क्यू.सी.साठी नाव देणं तुम्हाला योग्य वाटत नसेल. तसं असेल तर "जमणार नाही" एवढे दोन शब्द पाठवा, कारण लिहू नका. मी त्याच दिवशी पोर्टलवरून साधा अर्ज करेन. काहीच उत्तर आलं नाही तर मात्र मी वाट पाहत राहीन आणि मुदत निघून जाईल.

अर्ज शुक्रवारी रात्री बंद होतात. बुधवारपर्यंत हो किंवा नाही कळवा.

तुमची,
जुन्या लॅबमधली शेवटच्या बाकावरची