दाभोळच्या खाडीसाठी दोन सारण्या

गावाहून रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो, याची सारणी मी ओएसआरएम हे मुक्त इंजिन वापरून करतो. आडव्या ओळीत गावं, उभ्या रकान्यात रुग्णालयं आणि प्रत्येक चौकटीत प्रवासाचे सेकंद. शंभर गावं आणि दहा रुग्णालयं घेतली की हजार चौकटी होतात, आणि त्या क्षणभरात भरतात. माझा बराचसा वेळ जातो तो त्या तपासण्यात.

कोकणात ही तपासणी खाडीपासून सुरू करावी. दाभोळ दापोली तालुक्यात, समोरचं धोपावे गुहागर तालुक्यात. मध्ये वाशिष्ठीची खाडी आणि गाड्या नेणारी फेरीबोट. दाभोळहून दापोली आणि गुहागर किती लांब, हे असं विचारायचं:

```
/table/v1/driving/73.18,17.59;73.19,17.76;73.19,17.48?sources=0&destinations=1;2
```

आधी रेखांश, मग अक्षांश. हा क्रम उलटला तर बिंदू भलतीकडेच जाऊन पडतो.

नकाशात फेरीचा मार्ग काढलेला असेल, तर इंजिन तो रस्त्यासारखाच वापरतं. नकाशात फेरीचा कालावधी नोंदलेला नसेल, तर मोटारीच्या नेहमीच्या नियमावलीत तिचा वेग ताशी 5 किलोमीटर धरलेला असतो, म्हणजे एक किलोमीटर पाण्याला 12 मिनिटं. हा अंदाज वावगा नाही. पण धक्क्यावर बोटीची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात नाही, आणि रात्री फेरी बंद असते हेही त्यात नाही. प्रसूतीच्या कळा मात्र वेळ बघून येत नाहीत.

म्हणून मी तीच सारणी दुसऱ्यांदा काढतो, शेवटी `&exclude=ferry` जोडून. आता गुहागरला जायचं तर खाडीला वळसा घालून चिपळूणच्या बाजूने जावं लागतं. दोन्ही सारण्या शेजारी ठेवून वजाबाकी केली की कुठली गावं बोटीवर अवलंबून आहेत ते लगेच दिसतं. फरक सगळीकडे शून्य आला तर नकाशा उघडून पाहावा: बहुधा फेरीची रेघ धक्क्यावरच्या रस्त्याला जोडलेलीच नसते, आणि इंजिनाच्या लेखी ती बोट नसतेच.

आणखी एक जागा जपायची. गावाचा बिंदू रस्त्यावर नसेल, तर इंजिन तो जवळच्या रस्त्यावर सरकवतं. खाडीकाठच्या गावाचा बिंदू पाण्यात पडला असला तर जवळचा रस्ता पैलतीरावरचाही असू शकतो, आणि मग आकडा दिसतो चोख पण असतो दुसऱ्याच तालुक्याचा. उत्तरात प्रत्येक बिंदूसोबत `distance` येतं, म्हणजे बिंदू किती मीटर सरकला ते. हा रकाना उतरत्या क्रमाने लावावा आणि वरची गावं एकेक करून नकाशावर बघावीत. बिंदू गावठाणात हलवला की चूक सुटते.

रुग्णवाहिका कुठे ठेवायची हे ठरवताना फेरी वगळलेली, रात्रीची सारणीच धरावी.