भाचीचं दहावीचं वेळापत्रक

केदारखेड्याच्या माझ्या भाचीला दहावीच्या सहामाहीत मराठीत 80 पैकी 66, पण बीजगणितात 40 पैकी 11 गुण पडले. तरी ती रोज मराठीच वाचायची. येतं तेच वाचायला बरं वाटतं. कुणीतरी तिला म्हणालं, “टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर काढतात, गणित सोडून दे.” बोर्डाची ही पद्धत खरी आहे, पण सहाव्या विषयातही पास व्हावंच लागतं.

आम्ही उत्तरपत्रिका उघडली. अंकगणिती श्रेढी, संभाव्यता तिला जमत होती. गुण गेले होते वर्गसमीकरणांत, तेही अवयव पाडताना चिन्ह चुकल्यानं. म्हणजे अख्खा विषय नाही, आठवीतला एक धडा कच्चा होता.

मग रोजचे चार तास वाटले: दोन बीजगणिताला, दीड बाकीच्या विषयांना, अर्धा मराठीला. मराठी वाचायची नाही, घड्याळ लावून पत्र किंवा निबंध लिहायचा. पक्का विषय पूर्ण सोडला की लिहिण्याचा वेग जातो. दर जुम्याला बीजगणिताची जुनी प्रश्नपत्रिका. सलग दोनदा 25 च्या वर गुण आले, की त्यातला अर्धा तास विज्ञानाला.

2025 ची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली आणि 2 मार्चला पहिला रोजा आला. त्यामुळे रमजानसाठी वेळा आधीच ठरवल्या. डोकं ताजं असतं तेव्हा, फजरनंतर, गणित. असरनंतर थकवा येतो, तेव्हा मराठी.