वऱ्हाडाचा चहा

लग्नाच्या यादीत चहाला स्वतंत्र ओळ मिळत नाही. जिलेबी किती किलो, भात किती पायली, यावर चार-चार बैठका होतात. चहाचं मात्र, "तो काय, होईल की वेळेला!" पण वऱ्हाड दारात उतरल्यावर पहिल्यांदा त्याच्या हातात पडतो तो चहाच. तो कोमट किंवा करपट निघाला तर पुढची जिलेबी कितीही कुरकुरीत असली तरी विहीणबाईंच्या लक्षात चहाच राहतो.

मागच्या डिसेंबरात आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या लेकीचं लग्न निपाणीत झालं. वऱ्हाड बेळगावहून आदल्या दिवशी सीमांतपूजनाला यायचं होतं. दीडशे माणसं, दोन बस आणि काही गाड्या, पोचायची वेळ दुपारी चार. त्यांत दहा-बारा थोर माणसं अशी, की सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास जातो. म्हणजे चहाची वेळ मुळातच बांधलेली.

आचारी म्हणाले, "अक्का, घरचे शंभर नि वऱ्हाडाचे दीडशे, वीस लिटर एकदम साडेतीनला करून ठेवतो. मोठा थर्मास आहेच." जाऊबाईंनाही ते पटलं. मी म्हटलं, "अण्णा, घरच्यांचा चहा तुम्ही छोट्या पातेल्यात दोनदा करा. वऱ्हाडाचा मात्र ते संकेश्वर सोडल्याचा फोन आल्यावरच चढवायचा."

कारण साधं आहे. दुधाचा चहा थर्मासमध्ये गरम राहतो, पण ताजा राहत नाही. पाऊण तासापर्यंत तो चांगला लागतो. पुढे बदामी रंग काळवंडतो, वर साय धरते, आटवलेल्या दुधाचा वास यायला लागतो. मंद आचेवर ठेवला तर हे सगळं आणखी लवकर होतं आणि तळही धरतो. त्यातच भुकटी राहिली असेल तर कडवटपणा वेगळाच. तेव्हा साठवून ठेवायची ती तयारी, चहा नव्हे.

आता हिशेब. दीडशे माणसांत लहान मुलं आणि चहा न घेणारे मिळून पंचवीस धरले. राहिले सव्वाशे कप. कागदी कप शंभर मिलीचा असला तरी काठापर्यंत भरला तर बोटं भाजतात, म्हणून ८० मिलीच ओततात. सव्वाशे गुणिले ८० म्हणजे बरोबर दहा लिटर. सकाळच्या चहाला हे गणित चालत नाही बरं का. सकाळी माणूस दोन कप घेतो, तिथे माणसं मोजायची नाहीत, कप मोजायचे.

दहा लिटर तयार चहासाठी म्हशीचं दूध ६ लिटर, पाणी ५ लिटर, साखर १ किलो आणि भुकटी पाव किलो. बेरीज अकराच्या वर जाते, ती मुद्दाम. पाव किलो भुकटी जवळजवळ लिटरभर पाणी पिऊन बसते, अर्धा लिटर वाफेत जातं, आणि साखर विरघळून अर्ध्या लिटरहून थोडी जास्त भर घालते. शेवटी हाती दहाच लिटर येतात. जी बाई दहा लिटर पाहिजे म्हणून दहा लिटरच चढवते, तिला शेवटचे पंधरा कप कमी पडतात. आणि ते कमी पडतात नेमके मागच्या रांगेतल्या बायकांना!

पातेलं मात्र अठरा लिटरचं घेतलं. दूध वर येतं तेव्हा त्याला जागा लागते. वीस लिटर एकदम करायचा तर तीस-पस्तीस लिटरचं पातेलं हवं, आणि ते उकळतं पातेलं कापडावर रितं करायला दोन गडी हवेत. कुणाचा पाय भाजला तर लग्नाचं काय घेऊन बसलात! थर्मासही मी दहा लिटरचाच मागवला. वीसच्या थर्मासमध्ये दहा लिटर ओतले की अर्धी जागा रिकामी, चहा लवकर निवतो.

दूध खेड्यातल्या तीन घरांतून तीन कॅनमध्ये आलं होतं. ते एकत्र ओतायच्या आधी प्रत्येक कॅनमधलं पळीभर दूध वेगळ्या वाटीत उकळून पाहिलं. एका वाटीत बारीक कण दिसले. वासाला ते दूध चांगलं होतं, चवीलाही. पण आंबायला लागलेलं दूध उकळल्यावरच आपलं रूप दाखवतं. तो कॅन बाजूला काढला आणि डेअरीतून दोन लिटर मागवलं. नाहीतर एका कॅनपायी सगळं पातेलं नासलं असतं.

चार वाजले, साडेचार वाजले, वऱ्हाडाचा पत्ता नाही. जाऊबाई येरझाऱ्या घालत होत्या. पण आमची तयारी झालेली होती. दूध तापवून झाकलेलं. पाच लिटर पाणी गाळून, आधण येऊन, बारीक आचेवर. साखर आणि भुकटी मोजून डब्यांत. आमच्याकडे आलं चालत नाही, म्हणून सुंठ आणि वेलदोडे कुटून पुडीत. गाळायचं मलमलचं कापड नुसत्या गरम पाण्यातून काढलेलं. त्याला साबण लावला की सगळ्या चहाला त्याचा वास येतो.

चार चाळीसला फोन आला, "संकेश्वर सोडलं." तिथून निपाणी अर्ध्या तासाची वाट. आधण मोठं केलं. साखर, सुंठ, वेलदोडे आणि मग भुकटी. चारेक मिनिटं उकळू दिलं, गाळलं, चोथा डावानं दाबून पिळून काढला. या कोऱ्या चहात गरम दूध ओतून एक उकळी दिली. तोवर थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून ठेवलं होतं, ते ओतून टाकलं आणि मग चहा भरला. थंड थर्मासमध्ये चहा ओतला तर पहिली ऊब भांडंच पिऊन टाकतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी बस दारात लागली. थोर माणसांना आधी बसल्या जागी किटलीतून दिला. बाकीच्यांना थर्मासच्या नळावर. एका नळातून मिनिटाला दहा कप निघतात, म्हणजे सव्वाशे कपांना बारा-तेरा मिनिटं. गडबडगोंधळ धरूनही साडेपाचला सगळ्यांचा चहा झाला होता. दुसऱ्यांदा मागणाऱ्यांसाठी तीन लिटरचं सामान बाजूला होतं, त्यातला लिटरभरच करावा लागला. उरलेलं दूध रात्री विरजलं.

विहीणबाईंनी कप ठेवता ठेवता विचारलं, "आत्ताच केलाय होय?" जाऊबाई माझ्याकडे बघून हसल्या.

रात्री थर्मास मी स्वतः धुतला. नळ सोडवून, आतली रबराची चकती काढून. तिथे दुधाचा पातळ थर बसतो आणि सकाळपर्यंत आंबतो. दुसऱ्या दिवशी सहाला मांडवातला चहा त्याच नळातून जायचा होता, आणि तो तर दोन-दोन कपांचा.